स्वस्त पत्रा महाग कसा पडला: व्हेरिअन्सचं एक पूर्ण गणित

प्रश्न: व्हेरिअन्सची सगळी सूत्रं पाठ आहेत, तरी मटेरियल, लेबर आणि ओव्हरहेड एकत्र आलं की शेवटची बेरीज जुळत नाही. आणि "निष्कर्षावर भाष्य करा" असं आलं की फेव्हरेबल म्हणजे चांगलं, ॲडव्हर्स म्हणजे वाईट, यापलीकडे काही लिहिता येत नाही. एखादं पूर्ण गणित सोडवून समजवाल का?

उत्तर:

एका प्रेस शॉपचं गणित घेऊ. भोसरीतल्या अशा एका युनिटचं कॉस्टिंग मी काही वर्षं सांभाळलं आहे. तिथे दोन मिलिमीटर पत्र्याचा एक ब्रॅकेट बनायचा. प्रेसवर ब्लँक पाडायचा, भोकं मारायची आणि शेवटी बेंडिंग करायचं, एवढंच काम. महिना खरा आहे, आकडे मात्र हिशोब सोपा जावा म्हणून गोल केले आहेत.

एका ब्रॅकेटचा स्टँडर्ड खर्च २२५ रुपये होता. त्यात पत्रा २ किलो, ७० रुपये किलोने, म्हणजे १४० रुपये. हे २ किलो म्हणजे कातरण धरून लागणारं एकूण वजन. मजुरी अर्धा तास, ८० रुपये तासाने, म्हणजे ४० रुपये. व्हेरिएबल ओव्हरहेड तासाला ३० रुपये, म्हणजे नगामागे १५. फिक्स्ड ओव्हरहेड महिन्याला १,५०,००० रुपये. बजेट ५,००० नगांचं, म्हणजे २,५०० तासांचं, म्हणून दर तासाला ६० आणि नगाला ३० रुपये.

महिनाअखेर चांगले नग निघाले ४,८००. पत्रा ६६ रुपये किलोने ११,००० किलो घेतला, त्यातला १०,४०० किलो वापरला. पगार २,७६० तासांचा दिला, सरासरी ८२ रुपयांनी. त्यातले १२० तास लाइन बंद होती, म्हणजे प्रत्यक्ष काम २,६४० तास. व्हेरिएबल ओव्हरहेड ८१,००० आणि फिक्स्ड ओव्हरहेड १,४६,००० रुपये झाला.

आता सूत्रं बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट आधी लिहून काढा: ४,८०० नगांना स्टँडर्डप्रमाणे काय लागायला हवं होतं? पत्रा ९,६०० किलो आणि तास २,४००. बेरीज न जुळण्याचं माझ्या पाहण्यातलं सर्वांत मोठं कारण इथेच असतं. मुलं बजेटचे ५,००० नग धरतात, १०,००० किलोशी तुलना करतात आणि पत्र्याचा जादा वापर ८०० ऐवजी ४०० किलो दाखवतात. जे २०० नग बनलेच नाहीत, त्यांचा पत्रा वाचला असं धरून बसतात. मटेरियल, लेबर आणि व्हेरिएबल ओव्हरहेडमध्ये बजेटच्या उत्पादनाचा काही संबंध नाही. ते फक्त फिक्स्ड ओव्हरहेडच्या वेळी बाहेर काढायचं.

मटेरियलसाठी तीन रकमा एका ओळीत मांडा.

प्रत्यक्ष वापर × प्रत्यक्ष दर: १०,४०० × ६६ = ६,८६,४००
प्रत्यक्ष वापर × स्टँडर्ड दर: १०,४०० × ७० = ७,२८,०००
हवा तेवढा वापर × स्टँडर्ड दर: ९,६०० × ७० = ६,७२,०००

पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक फक्त दराचा आहे. किलो तेच आहेत आणि दर कमी पडला, म्हणून प्राइस व्हेरिअन्स ४१,६०० अनुकूल. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक फक्त किलोचा. ८०० किलो जादा लागले, म्हणून यूसेज व्हेरिअन्स ५६,००० प्रतिकूल. पहिल्या आणि तिसऱ्यातला फरक १४,४०० प्रतिकूल, आणि ४१,६०० वजा ५६,००० तेवढेच येतात. अशी मांडणी केली की चिन्ह पाठ करावं लागत नाही. जास्त गेलं तर प्रतिकूल, कमी गेलं तर अनुकूल, हे नुसत्या नजरेने कळतं.

खरेदी ११,००० किलो असताना प्राइस व्हेरिअन्स १०,४०० वर का काढला, असं तुम्ही विचाराल. दोन्ही रीती बरोबर आहेत. ११,००० वर काढला तर ४४,००० अनुकूल येतो. कंपनीत बहुतेक तसाच काढतात, कारण स्टॉक स्टँडर्ड दराने ठेवला की स्टोअरचं खातं सोपं राहतं आणि दरातला फरक पत्रा वापरला जाण्याची वाट न पाहता खरेदीच्या वेळीच समोर येतो. पण मग यूसेजशी बेरीज केल्यावर १४,४०० येणार नाहीत, कारण २,४०० रुपये न वापरलेल्या ६०० किलोचे आहेत. परीक्षेत कुठली रीत घेतली ते एका ओळीत लिहा. खर्चाचा मेळ घालायचा असेल तर वापरावर काढा.

लेबरला हीच रीत लावायची, फक्त मध्ये एक पायरी जादा.

दिलेला पगार: २,७६० × ८२ = २,२६,३२०
दिलेले तास × स्टँडर्ड दर: २,७६० × ८० = २,२०,८००
काम केलेले तास × स्टँडर्ड दर: २,६४० × ८० = २,११,२००
हवे तेवढे तास × स्टँडर्ड दर: २,४०० × ८० = १,९२,०००

रेट व्हेरिअन्स ५,५२० प्रतिकूल, आयडल टाइम ९,६०० प्रतिकूल, एफिशिअन्सी १९,२०० प्रतिकूल. एकूण ३४,३२०. इथली नेहमीची चूक अशी, की रेट व्हेरिअन्स काम केलेल्या तासांवर काढतात. दर मात्र दिलेल्या तासांचा असतो. लाइन बंद होती तरी माणसांना पगार मिळालाच, म्हणून रेट २,७६० तासांवर. उलट एफिशिअन्सी काम केलेल्या तासांवरच काढायची, कारण बंद लाइनसमोर उभ्या असलेल्या माणसाला तू हळू काम केलंस असं म्हणता येत नाही. आयडल टाइम वेगळा काढायचा तो एवढ्यासाठीच.

व्हेरिएबल ओव्हरहेड मशीन चालू असतानाच होतो, म्हणून त्याला २,६४० तासच धरायचे. २,६४० तासांना ३० ने ७९,२०० व्हायला हवे होते, झाले ८१,०००. एक्स्पेंडिचर व्हेरिअन्स १,८०० प्रतिकूल. आणि २४० तास जादा चालले, त्याचे ३० ने ७,२०० प्रतिकूल. एकूण ९,०००.

फिक्स्ड ओव्हरहेडवर थोडं थांबू, कारण इथे सूत्र बरोबर लिहूनही अर्थ चुकतो.

प्रत्यक्ष खर्च: १,४६,०००
बजेट: १,५०,०००
उत्पादनात शोषलेला: २,४०० × ६० = १,४४,०००

एक्स्पेंडिचर ४,००० अनुकूल, व्हॉल्यूम ६,००० प्रतिकूल, एकूण २,००० प्रतिकूल. व्हॉल्यूमचे आणखी दोन भाग पाडता येतात. चालवायचे होते २,५०० तास, चालवले २,६४०, म्हणजे कपॅसिटी १४० × ६० = ८,४०० अनुकूल. आणि २,४०० तासांचं काम २,६४० तासांत झालं, म्हणजे एफिशिअन्सी २४० × ६० = १४,४०० प्रतिकूल. दोन्ही मिळून ६,००० प्रतिकूल.

या चार आकड्यांपैकी फक्त एक, ते ४,०००, खऱ्या पैशांचा आहे. शेडचं भाडं, मॅनेजरचा पगार, विमा हे सगळं नग कितीही निघाले तरी तेवढंच जाणार. व्हॉल्यूम व्हेरिअन्स एवढंच सांगतो, की ५,००० नगांवर वाटायचा खर्च ४,८०० नगांवर वाटला गेला आणि ६,००० रुपये कुठल्याच नगाच्या माथी मारता आले नाहीत. ते महिन्याच्या नफा-तोट्यात थेट जातात. स्टॉकच्या किमतीत मिसळायचे नसतात. गिऱ्हाइकाला ५,००० नगच हवे होते आणि आपण २०० देऊ शकलो नाही, तर खरा तोटा यापेक्षा वेगळा आहे. विक्रीची किंमत २५० धरली तर स्टँडर्ड व्हेरिएबल खर्च १९५ जाऊन नगामागे ५५ रुपये सुटतात, म्हणजे ११,००० रुपये बुडाले. हा आकडा खर्चाच्या व्हेरिअन्समध्ये कुठेच दिसत नाही. तो विक्रीच्या व्हेरिअन्समध्ये शोधावा लागतो.

सगळ्याची बेरीज: १४,४०० + ३४,३२० + ९,००० + २,००० = ५९,७२० प्रतिकूल. ताळा करा. ४,८०० नग गुणिले २२५ म्हणजे १०,८०,०००. प्रत्यक्ष खर्च ११,३९,७२०. फरक ५९,७२०. दर वेळी हा ताळा शेवटी करायचाच. दोन मिनिटं लागतात आणि चूक कुठल्या भागात आहे तेही कळतं, कारण प्रत्येक भागाचा ताळा वेगळा करता येतो.

आता भाष्याकडे येऊ. अनुकूल आणि प्रतिकूल हे फक्त बाजू सांगणारे शब्द आहेत. स्टँडर्डपेक्षा कमी गेलं की जास्त, एवढंच त्यात असतं. का गेलं आणि कुणामुळे गेलं, हे त्या आकड्यात नसतं. ते शॉप फ्लोअरवरच्या कागदांत असतं, आणि बऱ्याचदा एका खात्यातल्या अनुकूल आकड्याची किंमत दुसऱ्या खात्यातल्या प्रतिकूल आकड्यात मोजलेली असते.

या महिन्याचा तक्ता पहिल्यांदा समोर आला तेव्हा खरेदी विभागाचे ४१,६०० अनुकूल होते आणि प्रॉडक्शनचं जवळपास सगळं प्रतिकूल. आढावा बैठकीत प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला सगळ्यांसमोर खूप ऐकावं लागलं. तो काही न बोलता मला लाइनवर घेऊन गेला. रिजेक्शनच्या लाल पेटीत ब्रॅकेटचा ढीग होता. त्याने एक उचलला, बेंडच्या बाहेरच्या कडेवर खडूची पूड चोळली आणि फुंकर मारली. कडेने एक बारीक पांढरी रेघ राहिली. भेग होती. मग स्टोअरमधून मायक्रोमीटर आणला आणि त्याच लॉटच्या चार-पाच पत्र्यांवर लावला. दोन मिलिमीटरचा म्हणून आलेला पत्रा २.०५ आणि २.०६ दाखवत होता.

या दोन गोष्टींत ८०० किलोंचा हिशोब लागला. आधी ड्रॉइंग ग्रेडचा पत्रा यायचा, या वेळी चार रुपये वाचवायला कमर्शियल ग्रेड घेतला होता. तो कडक असल्याने बेंडिंगला भेगा पडत होत्या. रिजेक्शन स्लिपांवर २६० नग मोजले, त्यांचे २ किलोने ५२० किलो. उरले २८०. म्हणजे चांगले ४,८०० आणि वाया गेलेले २६०, अशा ५,०६० नगांना १०,१२० किलो लागायला हवे होते, लागले १०,४००. पावणेतीन टक्के जादा, आणि मायक्रोमीटरवरची जादा जाडीही तेवढीच. पत्रा वजनावर विकत घेतला जातो आणि नग मापावर बनतो, त्यामुळे जाडी टॉलरन्समध्ये राहूनही वरच्या बाजूला झुकली की प्रत्येक नगात थोडं जादा लोखंड जातं आणि ते कुणाच्याच डोळ्याला दिसत नाही. टॉलरन्समध्येच असल्याने लॉट परतही करता आला नाही. तेव्हा यूसेजचे ५६,००० प्रॉडक्शनच्या नावावर लिहिले असले तरी सगळेच्या सगळे पत्र्यामुळे होते. यूसेज व्हेरिअन्स प्रॉडक्शनचा, असं पुस्तकात छापलेलं असतं. ती सुरुवात समजा, निकाल नव्हे.

तासांचाही असाच माग काढला. भेग बेंडिंगला, म्हणजे शेवटच्या ऑपरेशनला कळायची, त्यामुळे वाया गेलेल्या प्रत्येक नगावर पूर्ण अर्धा तास खर्ची पडलेला असायचा. २६० नगांचे १३० तास. २४० मधले उरले ११०. जॉब कार्डांवर ७० तास "बर काढणे" असे लिहिलेले सापडले. कापाच्या कडेला राहणारी धारदार बर पत्र्याने येत नाही, बोथट डायने येते. मग मेंटेनन्सचं रजिस्टर काढलं. त्या महिन्यात डाय ग्राइंडिंगला पाठवायची होती, ते काम पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. फिक्स्ड ओव्हरहेडमधले ४,००० अनुकूल दिसत होते ते हेच. आणि त्याच डायचा पंच महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तुटला. १२ माणसं, १० तास, लाइन बंद. आयडल टाइमचे १२० तास.

म्हणजे एका ओळीत ४,००० वाचलेले दिसत होते, आणि त्याच निर्णयाचे ९,६०० आयडल टाइममध्ये आणि बर काढण्याच्या ७० तासांचे, मजुरी व व्हेरिएबल ओव्हरहेड मिळून ११० ने, ७,७०० दुसऱ्या ओळींत लपले होते. वाचवले ४,०००, गेले १७,३००.

राहिले ४० तास. महिन्याच्या सुरुवातीला एक तात्पुरता हेल्पर घेतला होता, त्याचा हात बसायला लागलेला वेळ म्हणून आम्ही ते सोडून दिले. याहून खोलात जाऊन काही मिळालं नसतं. प्रत्येक तासाला कारण चिकटवायचा हट्ट धरला की माणसं कारणं बनवून द्यायला लागतात, आणि मग पुढच्या महिन्याच्या जॉब कार्डावरही विश्वास ठेवता येत नाही.

रेट व्हेरिअन्स दिसायला मजुरी वाढल्यासारखा दिसतो. मजुरीचा दर एक रुपयानेही वाढला नव्हता. ओव्हरटाइमचे ६९ तास होते आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा लागतो, म्हणजे वरचे जादा ८० रुपये गुणिले ६९. बरोबर ५,५२०. हे तास कशासाठी लागले, तर वाया गेलेले नग पुन्हा करायला आणि लाइन बंद पडलेला वेळ भरून काढायला.

आणि आता त्या ८,४०० अनुकूल कपॅसिटीकडे पुन्हा पाहा. बजेटपेक्षा १४० तास जास्त काम झालं, यंत्रांचा उत्तम वापर झाला, असं उत्तरपत्रिकेत लिहिलेलं मी कितीदा वाचलं आहे. इथे जादा तास आले ओव्हरटाइममधून आणि तात्पुरत्या हेल्परमधून, आणि ते गेले रिजेक्शन भरून काढण्यात. इतकं करूनही २०० नग कमीच पडले. कपॅसिटी अनुकूल आणि एफिशिअन्सी त्याहून मोठी प्रतिकूल अशी जोडी दिसली, की समजायचं, माणसं राबली पण तेच काम दोनदा केलं.

मग पत्र्याचा सौदा एकूण कसा पडला? इथे यूसेज आणि प्राइस व्हेरिअन्सची नुसती वजाबाकी करून थांबायचं नाही, आणि फिक्स्ड ओव्हरहेडच्या एफिशिअन्सीचे १४,४०० त्यात घालायचे नाहीत, कारण ते पैसे कुठे गेलेच नाहीत. घालायचे ते वाया गेलेल्या नगांचे १३० तास, मजुरी आणि व्हेरिएबल ओव्हरहेड मिळून ११० ने, म्हणजे १४,३००. दुसरीकडे २६० नगांचं ५२० किलो भंगार ३० रुपयांनी विकलं, त्याचे १५,६०० जमा झाले होते. ते इतर उत्पन्नात गेल्यामुळे व्हेरिअन्सच्या तक्त्यात दिसतच नव्हते, आणि त्यामुळे यूसेजचा आकडा खऱ्या तोट्यापेक्षा मोठा दिसत होता. सरळ तुलना अशी होते: ७० चा चांगला पत्रा ९,६०० किलो लागला असता, ६,७२,०००. स्वस्त पत्र्याचे भंगार वजा जाता ६,७०,८००. पत्र्यात वाचले १,२०० आणि वाया गेलेल्या नगांवर गेले १४,३००. चोख १३,१०० रुपयांचा तोटा.

एवढ्यावर मी थांबलो असतो, पण खरेदी विभागाच्या फायलीत त्या महिन्याची दुसरी कोटेशन्सही होती. बाजार उतरला होता आणि नेहमीचा ड्रॉइंग ग्रेडच ६८ ला मिळत होता. स्टँडर्ड वर्षाच्या सुरुवातीला ठरलेलं, त्यामुळे ७० हा आकडाच शिळा झाला होता. किलोमागे वाचलेल्या चार रुपयांपैकी दोन बाजाराने दिले, खरेदीने मिळवले दोनच. ६८ धरून तुलना केली तर चांगला पत्रा ६,५२,८०० ला पडला असता. त्याच्यापुढे ६,७०,८०० म्हणजे १८,००० जास्त, अधिक १४,३००, एकूण ३२,३०० रुपयांचा तोटा. तक्त्यात ४१,६०० अनुकूल दिसणाऱ्या खरेदीचा हा खरा हिशोब. म्हणून मोठा अनुकूल व्हेरिअन्स दिसला की मी आधी स्टँडर्ड कधी ठरलं ते विचारतो. स्टँडर्ड सैल असेल तर महिनोन् महिने सगळं अनुकूल येत राहतं आणि खरा अपव्यय त्याखाली झाकला जातो.

यात खरेदीवाल्यालाही एकट्याला दोष देऊन चालत नव्हतं. त्याचं वर्षाचं मूल्यमापन प्राइस व्हेरिअन्सवर होत होतं, रिजेक्शनचा आकडा त्याच्यापर्यंत कधी पोचतच नव्हता. पुढच्या महिन्यापासून आम्ही खरेदी ऑर्डरवर ग्रेडबरोबर जास्तीत जास्त सरासरी जाडी लिहायला सुरुवात केली, स्टोअरमध्ये जीआरएन, म्हणजे माल आल्याची पावती, करतानाच मायक्रोमीटरची नोंद घ्यायला लावली आणि डाय ग्राइंडिंग महिन्यावर न ठेवता स्ट्रोकच्या मोजणीवर ठेवलं. आणि मटेरियलमुळे झालेलं रिजेक्शन तक्त्यात प्राइस व्हेरिअन्सच्या शेजारीच, खरेदीच्या रकान्यात दाखवायला लागलो.

परीक्षेत अर्थातच मायक्रोमीटर नसतो, पण प्रश्नात खुणा असतात. दर कमी आणि वापर जास्त असेल तर दर्जाचा संशय लिहा. मजुरीचा दर कमी आणि वेळ जास्त असेल तर अकुशल माणसं लावल्याचा. दर जास्त आणि वेळ कमी असेल तर कुशल माणसं लावल्याचा, आणि मग दोन्हींची निव्वळ बेरीज करून ते परवडलं का ते सांगा. व्हेरिएबल ओव्हरहेडची एफिशिअन्सी लेबरच्याच तासांवर चालते, म्हणून तिला वेगळं कारण शोधत बसू नका. एकाच कारणाची ती दुसरी नोंद आहे. कारण प्रश्नात दिलेलं नसेल तर "झालं" असं लिहू नका, "असण्याची शक्यता आहे, रिजेक्शनच्या नोंदी तपासाव्यात" असं लिहा. या गणितावर चार-पाच ओळींचं भाष्य मागितलं तर मी असं लिहीन:

"मटेरियल प्राइस ४१,६०० अनुकूल व यूसेज ५६,००० प्रतिकूल असल्याने स्वस्त पण हलक्या दर्जाचा माल घेतला असण्याची शक्यता आहे. लेबर एफिशिअन्सी (१९,२००) व व्हेरिएबल ओव्हरहेड एफिशिअन्सी (७,२००) याच कारणाने प्रतिकूल झाली असावी, त्यामुळे तिची जबाबदारी केवळ उत्पादन विभागावर टाकता येणार नाही. आयडल टाइम ९,६०० प्रतिकूल व फिक्स्ड ओव्हरहेड एक्स्पेंडिचर ४,००० अनुकूल एकत्र पाहावेत. देखभाल पुढे ढकलली का ते तपासावे. कपॅसिटी ८,४०० अनुकूल असली तरी उत्पादन बजेटपेक्षा २०० नगांनी कमी आहे, म्हणून ती चांगल्या कामगिरीची खूण मानता येत नाही. प्राइस व्हेरिअन्सचे श्रेय देण्यापूर्वी ७० रुपयांचा स्टँडर्ड दर चालू बाजारभावाशी जुळतो का ते पाहावे."